निबंध देण्याआधी डिटेक्टरमधून काढला: आकड्याचं पुढे काय करायचं

इंग्लंडमध्ये जलव्यवस्थापनाचं एमएस्सी करताना पहिल्याच सत्रात २५०० शब्दांचा निबंध द्यायचा होता. विषय मीच निवडला होता. ठिबक सिंचनाने शेतातलं पाणी वाचतं, पण त्यामुळे भूजलाचा उपसा खरंच कमी होतो का? सांगोला तालुक्यात आमची डाळिंबाची बाग आहे, त्यामुळे हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नव्हता. वाचन, टिपणं, वडिलांशी, म्हणजे अण्णांशी, फोनवर झालेल्या गप्पा, सगळं मिळून निबंध उभा राहिला. एकही वाक्य एआयकडून लिहून घेतलेलं नव्हतं.

जमा करायच्या आदल्या आठवड्यात वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच चर्चा सुरू होती. "तू चेक केलंस का?" म्हणजे, मजकूर एआयने लिहिलेला वाटतो का हे टक्क्यांत सांगणाऱ्या डिटेक्टरमधून निबंध काढलास का? कोणाला १२ टक्के आले होते, कोणाला ८०. आमच्या ग्रुपमधली निम्मी मुलं भारत, चीन आणि नायजेरियातली. एका मैत्रिणीला ७१ टक्के आले आणि तिने रात्रभर जागून अख्खा निबंध बदलला. तिचं बघून मीही माझा टाकून पाहायचं ठरवलं. त्यातून जे कळलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण पुण्यामुंबईहून इकडे येणाऱ्या मुलांचे मेसेज मला आता दर सत्रात येतात आणि प्रश्न तोच असतो.

पहिल्या फुकट डिटेक्टरने ६४ टक्के दाखवले. दुसऱ्याने त्याच मजकुराला ९ टक्के दिले. तिसऱ्याने आकडा न देता "मिश्र" असा शेरा मारला. निबंधात एका स्वल्पविरामाचाही फरक नव्हता.

हे असं का होतं, हे समजून घ्यायला मी थोडा वेळ दिला आणि तो सत्कारणी लागला. या साधनांना निबंध कोणी लिहिला हे माहीत नसतं आणि कळण्याचा मार्गही नसतो. मजकूर कसा वाहतो तेवढं ती बघतात. पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज भाषेचं मॉडेल करतं. तुमचा प्रत्येक शब्द त्या अंदाजाच्या जवळ पडत गेला, तर मजकूर "सहज ओळखता येण्याजोगा" ठरतो. वाक्यांची लांबी आणि ठेवण सारखी असेल तर संशय आणखी वाढतो. एआयने लिहिलेला मजकूर साधारणपणे असाच असतो, हे खरं. पण जपून, शाळेत शिकवलेल्या साच्यात इंग्रजी लिहिणाऱ्या माणसाचा मजकूरही असाच असतो.

आपण इंग्रजी कसं शिकलो ते आठवून बघा. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होते. निबंधाची सुरुवात कशी करायची, दुसरा परिच्छेद कोणत्या शब्दाने उघडायचा, शेवट कशाने करायचा, हे आम्हाला वहीत उतरवून दिलेलं असायचं. पुढे आयईएलटीएसच्या क्लासमध्ये तेच पुन्हा, जास्त घोटून. २५० शब्दांच्या निबंधासाठी ठरलेली वाक्यं, ठरलेले जोडशब्द, "एका बाजूला", "दुसऱ्या बाजूला", "परिणामी". त्याच साच्यावर बँड मिळाला आणि व्हिसा मिळाला. आता तोच साचा मशीनला मशीनसारखा वाटतो.

हा केवळ माझा तर्क नाही. २०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले. त्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध घेतले. ते इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी लिहिलेले होते. शेजारी अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध ठेवले. अमेरिकन मुलांचे निबंध डिटेक्टरांनी जवळजवळ बिनचूक ओळखले. टोफेलचे निबंध मात्र सरासरी ६१ टक्के वेळा एआयचे ठरवले गेले. ९१ पैकी ८९ निबंधांवर कोणत्या ना कोणत्या एका डिटेक्टरने तरी बोट ठेवलं. अभ्यास २०२३ चा आहे, साधनं तेव्हापासून बदलली आहेत, कंपन्या सुधारणा झाल्याचं सांगतात, हे लक्षात ठेवूनच तो वाचायचा. पण त्यातली एक गोष्ट मला फार लागली. तेच टोफेल निबंध संशोधकांनी चॅटजीपीटीला दिले आणि शब्दयोजना इंग्रजी मातृभाषिकासारखी करून घेतली. त्यानंतर एआयचे ठरण्याचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांवर आलं. म्हणजे ज्याने स्वतः लिहिलं तो अडकला, आणि ज्याचं लिखाण मशीनने घासूनपुसून दिलं तो सुटला. आकडा कमी करायच्या नादात आपण कोणत्या दिशेला ढकलले जातो, ते यातून स्वच्छ दिसतं.

आता ६४ या आकड्याबद्दल. हे ६४ टक्के कशाचे, हा प्रश्न आमच्या ग्रुपवर कोणीच विचारत नव्हतं. काही साधनांत त्याचा अर्थ असतो, "अख्खा मजकूर एआयचा असण्याची शक्यता इतकी". काहींत अर्थ असतो, "इतक्या वाक्यांवर आम्हाला संशय आहे". या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एका साधनातले ६४ दुसऱ्यातल्या ६४ च्या शेजारी ठेवताच येत नाहीत. माझ्या पहिल्या डिटेक्टरचा आकडा दुसऱ्या प्रकारचा होता, कारण त्याने वाक्यं रंगवून दाखवली होती. मग मी आकडा बाजूला ठेवला आणि रंगवलेली वाक्यं एकेक करून वाचली. त्या वाक्यांमधून जेवढं शिकायला मिळालं, तेवढं टक्क्यांतून मिळालं नाही.

त्याआधी एक साफसफाई केली. मी सगळा निबंध चिकटवला होता, शेवटच्या संदर्भसूचीसकट आणि एका तक्त्यासकट. संदर्भसूची हे गद्य नव्हे. तिची ठेवण ठरावीकच असते. सूची, तक्ता आणि शीर्षकं काढून फक्त परिच्छेद टाकले, तर ६४ चे ४७ झाले. उलट, एकच परिच्छेद सुटा टाकला तर कधी शून्य, कधी शंभर. छोट्या मजकुरावर ही साधनं काहीही सांगतात. विद्यापीठं वापरतात ते टर्निटिन हे साधनही निदान ३०० शब्दांचं सलग गद्य असल्याशिवाय एआयचा अहवाल देत नाही, ते याच कारणाने. तेव्हा परिच्छेद तोडून तोडून तपासणं म्हणजे स्वतःला विनाकारण घाबरवून घेणं.

रंगवलेल्या वाक्यांचे तीन गट पडले.

पहिला गट व्याख्यांचा. शेतीत वापरलेल्या पाण्यापैकी बाष्पीभवनाने आणि पिकातून उडून गेलेलं पाणी कायमचं गेलं, आणि जमिनीत मुरलेलं पाणी पुन्हा विहिरीला मिळू शकतं, हा फरक माझ्या निबंधाचा पाया होता. तो सांगणारी चारही वाक्यं रंगली होती. रंगणारच. या संज्ञा सगळे अभ्यासक त्याच शब्दांत लिहितात आणि तसंच लिहायला हवं. मैत्रिणीच्या पद्धतीने काय होतं ते बघायला मी एका प्रतीवर हा परिच्छेद बदलून पाहिला. "पिकाने संपवलेलं पाणी" या अर्थाच्या संज्ञेऐवजी "वापरलेलं पाणी" अशा अर्थाचा सैल शब्द घातला, वाक्यं तोडली, क्रम फिरवला. आकडा झटकन खाली आला. पण परिच्छेद चुकीचा झाला, कारण माझा सगळा मुद्दा "वापरलेलं" आणि "संपवलेलं" यांच्यातल्या फरकावरच उभा होता. ठिबकमुळे शेताला दिलेलं पाणी कमी होतं, पण जमिनीत मुरणारंही कमी होतं आणि वाचलेल्या पाण्यावर शेतकरी क्षेत्र वाढवतो. हे सांगायला अचूक शब्दच लागतो. ती प्रत मी पुसून टाकली आणि मूळ परिच्छेद जसाच्या तसा ठेवला. परीक्षकाला आशय बरोबर आहे की नाही हे पाहायचं असतं. आकड्यासाठी मी गुण का घालवू?

दुसऱ्या गटात, खरं सांगते, डिटेक्टरच्या हाताला काहीतरी लागलं होतं. आधीच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या परिच्छेदात तीन वाक्यं अशी होती, की ती कोणत्याही विषयाच्या निबंधात खपली असती. "या विषयावर अनेक अभ्यासकांनी काम केलं आहे, त्यांचे निष्कर्ष वेगवेगळे आहेत, अधिक संशोधनाची गरज आहे" अशा धाटणीची. ती माझीच होती, पण त्यांत काही नव्हतं. डिटेक्टर नसता तरी चांगल्या शिक्षिकेने तिथे लाल रेघ मारली असती. ती मी काढली आणि त्या जागी एक नेमकी गोष्ट लिहिली. उत्तर अमेरिकेतल्या रिओ ग्रांडे नदीच्या वरच्या खोऱ्यावर २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ठिबकला अनुदान दिलं तर शेतकऱ्याचं उत्पन्न वाढतं, पण खोऱ्यातलं एकूण पाणी जास्त संपू शकतं, असं त्यातून पुढे आलं. हे वाक्य घातल्यावर पुढचा सांगोल्याचा भाग आपोआप जुळून आला. मी ही दुरुस्ती निबंध सुधारावा म्हणून केली. आकड्याचं काय झालं ते नंतर पाहिलंच नाही.

तिसऱ्या गटात एकच वाक्य होतं. ते असं होतं: माझ्या वडिलांनी २०१३ साली दोन एकरांवर ठिबक बसवलं, पुढच्या काही वर्षांत बाग पाच एकरांवर गेली, आणि विहिरीवरचा पंप मात्र पूर्वीइतकेच तास चालत राहिला. हे जगातल्या कोणत्याही मशीनला ठाऊक असण्याची शक्यता नाही. ते वाक्य मी अण्णांना फोनवर विचारून लिहिलं होतं. "पंप किती तास चालायचा?" असं विचारल्यावर ते म्हणाले होते, "लाइट असेल तेवढे तास. तेव्हाही आणि आताही." मग वीज असतानाचे तास आम्ही दोघांनी मिळून मांडले होते. तरी वाक्य गडद पिवळं. सरळ कर्ता, सरळ क्रियापद, साधे शब्द, नीट विरामचिन्हं, म्हणून मशीनला अंदाज सोपा गेला.

आणि रंग न लागलेली वाक्यंही तपासली. व्याकरण तपासणाऱ्या एका साधनाची शिफारस मी दोन ठिकाणी जशीच्या तशी स्वीकारली होती. अख्खं वाक्य त्याने फिरवून दिलं होतं. ती दोन वाक्यं पांढरी, निर्दोष. म्हणजे माझ्या निबंधात मशीनने खरोखर रचलेलं जे काही होतं, ते डिटेक्टरला दिसलं नाही, आणि अण्णांच्या विहिरीचं वाक्य दिसलं.

इथे मात्र थांबून विचार करावा लागला. हा प्रश्न आता डिटेक्टरचा राहिला नव्हता, नियमाचा होता. आमच्या निबंधाच्या सूचनापत्रात लिहिलं होतं, की शब्दलेखन आणि व्याकरण तपासणं चालेल, मजकूर तयार करून घेणं किंवा पुन्हा लिहून घेणं चालणार नाही. स्पेलिंग सुधारणं आणि वाक्य फिरवून घेणं यांच्यामधली रेघ त्या साधनात एका बटणाइतकी पातळ असते. मी ती दोन्ही वाक्यं माझ्या शब्दांत परत लिहिली आणि निबंधासोबतच्या घोषणापत्रात कोणतं साधन कशासाठी वापरलं ते एका ओळीत नोंदवलं. प्रत्येक विषयाचा नियम वेगळा असू शकतो, एकाच विभागातसुद्धा. सूचनापत्र नीट वाचायला दहा मिनिटं लागतात आणि चार डिटेक्टर फिरवण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे.

मग डिटेक्टरमधून काढणं शहाणपणाचं आहे की नाही? माझं मत असं झालं आहे. त्याचा आकडा तुम्हाला निकालाबद्दल काहीच सांगत नाही, कारण विद्यापीठ दुसरंच साधन वापरत असतं. आमच्याकडे टर्निटिन आहे. त्याचा एआय अहवाल सहसा शिक्षकांना दिसतो, विद्यार्थ्याला नाही. त्याचं मॉडेल वेगळं, उंबरठा वेगळा. २० टक्क्यांच्या खाली असेल तर ते आता आकडाच दाखवत नाही, फक्त तारांकन दाखवतं, कारण त्या पट्ट्यात चुका जास्त होतात हे कंपनीलाही मान्य आहे. फुकट डिटेक्टरवर ५ टक्के आले म्हणून तुम्ही सुरक्षित नाही आणि ८० आले म्हणून अडचणीत नाही. निबंध स्वतः लिहिला आहे की नाही हे तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे. त्यात मशीन भर घालू शकत नाही. कुठली वाक्यं गुळमुळीत झाली आहेत तेवढं बघायला एकदा टाकायचा असेल तर टाकावा. पण टाकण्याआधीच ठरवून ठेवावं, की आकड्यासाठी एकही शब्द बदलायचा नाही. हे ज्याला जमणार नाही, ज्याची झोप उडेल, त्याने टाकूच नये.

तपासायच्या नावाखाली दोन गोष्टी मात्र मुळीच करू नयेत. एक, टेलिग्रामवर थोड्या पैशांत "खरा टर्निटिन अहवाल" काढून देणारे लोक आहेत. आमच्या वर्गातल्या एकाने तिथे निबंध दिला. "आम्ही साठवत नाही" असं त्याला सांगितलं होतं. पण त्या माणसाने तो कुठल्यातरी संस्थेच्या खात्यातून टाकला आणि निबंध टर्निटिनच्या साठ्यात जाऊन बसला. याने विद्यापीठात निबंध जमा केला तेव्हा साम्य जवळजवळ पूर्ण, आणि स्रोत म्हणून दुसऱ्या संस्थेतल्या विद्यार्थ्याचा पेपर. एआयचा संशय टाळायला गेला आणि वाङ्मयचौर्याच्या चौकशीत सापडला. पैसे दिल्याचा पुरावा दाखवावा तर तोही अंगाशी येणारा. दोन, डिटेक्टरच्या निकालाशेजारीच "मजकूर मानवी करून घ्या" असं बटण असतं. जो घाबरवतो तोच औषध विकतो, तेव्हा त्या आकड्यामागचा हेतू ओळखावा. ते बटण दाबलं की तोवर तुमचा असलेला निबंध खरोखरच मशीनने लिहिलेला होतो, आणि अशा बदललेल्या मजकुराचा माग काढायलाही टर्निटिनने आता सुरुवात केली आहे. आणखी एक छोटी सूचना. मुलाखतींत कोणाची नावं, गाव, जमिनीचा तपशील असेल, तर फुकट साइटवर चिकटवण्याआधी ते काढा. तिथे टाकलेलं पुढे कुठे जातं यावर आपला ताबा नाही.

मी माझा उरलेला वेळ पुराव्याकडे वळवला. हेच काम खरं कामाचं होतं. निबंध मी पहिल्यापासून गूगल डॉक्समध्ये लिहिला होता. त्यात `Version history` उघडलं की कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणतं वाक्य आलं आणि कोणतं गेलं हे सगळं दिसतं. मी महत्त्वाच्या टप्प्यांना नावं दिली: आराखडा, पहिला खर्डा, सांगोल्याचा भाग, आढावा दुरुस्त. वर्डमध्येही हे होतं, पण फाइल वनड्राइव्हवर साठवलेली असली तर. नुसत्या लॅपटॉपवरच्या फाइलला असा इतिहास मिळत नाही, हे अनेकांना उशिरा कळतं. दुसरीकडे लिहून शेवटी एका फटक्यात चिकटवण्याची सवय असेल तर ती मोडावी, कारण इतिहासात मग दोन हजार शब्द एका मिनिटात अवतरलेले दिसतात, आणि ते पाहणाऱ्याला काय वाटेल ते सांगायला नको.

त्याच्या जोडीला वहीतल्या टिपणांचे फोटो काढून ठेवले. पंपाच्या तासांचं गणित होतं ते पान तर नक्कीच. झोटेरो या संदर्भ साठवायच्या साधनात प्रत्येक संदर्भ कोणत्या दिवशी घेतला त्याची तारीख आपोआप असते. पीडीएफवर मारलेल्या खुणा तशाच ठेवल्या. हे सगळं एका फोल्डरमध्ये, गुण कायम होईपर्यंत. आणि स्वतःशी एक सराव केला: निबंध बंद करून त्यातला युक्तिवाद तोंडी सांगता येतो का? संशय आला तर विद्यापीठ बहुतेक वेळा विद्यार्थ्याला बोलावून त्याच्या कामाबद्दलच प्रश्न विचारतं. हा संदर्भ का घेतलास, हा आकडा कुठून आला, इथे वेगळा निष्कर्ष का काढला नाहीस. ज्याने लिहिलं आहे त्याला हे सांगता येतं, फक्त इंग्रजीत सांगताना बोबडी वळू नये म्हणून एकदा मोठ्याने बोलून बघावं. मी रूममेटला समोर बसवून बोलले. तिने "ठिबकने पाणी वाचतं की नाही, एका वाक्यात सांग" असं विचारलं आणि मी अडखळले. त्यातून निबंधाचा शेवटचा परिच्छेदही सुधारला.

डिटेक्टरचा स्क्रीनशॉट निबंधासोबत जोडावा का, हे मी माझ्या सल्लागार शिक्षिकेला विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "जोडू नकोस. ९ टक्क्यांचा जोडलास तर मी विचारेन, आधीचे किती टाकून दिलेस? मला खर्डे दाखव, ते मला वाचता येतात." मग त्यांनी अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाचं उदाहरण दिलं. तिथे २०२२ साली टर्निटिनकडे ७५,००० पेपर गेले होते. चुकीचा ठपका फक्त १ टक्का लागतो असं कंपनीचं म्हणणं खरं मानलं, तरी ७५० मुलं विनाकारण चौकशीत आली असती. हा हिशेब मांडून त्या विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये ते साधन बंद केलं. ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर त्याआधीच, जुलै २०२३ मध्ये, अचूकता कमी म्हणून मागे घेतला होता. चौकशीचं पत्र आलंच तर हे हिशेब मांडता येतात, आणि टर्निटिनची कंपनीसुद्धा फक्त आकड्यावरून शिक्षा करू नका असं सांगते. पण हे सगळं दुसऱ्या क्रमांकावर. पहिला क्रमांक तुमच्या खर्ड्यांचा. विद्यापीठातली सगळी दारं संपली, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये ओआयए ही स्वतंत्र तक्रार यंत्रणा आहे, तीही माहीत असावी.

निबंध दिला. व्याख्यांचा परिच्छेद आणि अण्णांचं वाक्य जसंच्या तसं ठेवून. मला कोणी बोलावलं नाही. परीक्षकांचा एक शेरा पंपाच्या तासांवर होता, की ही माहिती कशी गोळा केली ते पद्धतीच्या भागात एका वाक्यात यायला हवं होतं. तो शेरा रास्त होता. मैत्रिणीचं वेगळं झालं. तिलाही कोणी बोलावलं नाही, पण रात्रभर शब्द बदलल्यामुळे दोन संज्ञा चुकल्या आणि त्याचे गुण गेले. तिच्या मूळ प्रतीत त्या बरोबर होत्या. मी ती प्रत वाचली आहे.

गेल्या महिन्यात मावसभावाचा पुण्याहून फोन आला. तो पीएचडीचा प्रबंध देणार आहे. म्हणाला, "ताई, कॉलेजजवळच्या सायबरवाल्याकडून काढलं तर एआय २३ टक्के आलंय, आणि यूजीसीची मर्यादा १० टक्के आहे. १३ टक्के कमी कसे करू?" त्याचा दोन आकड्यांचा घोळ झाला होता आणि हा घोळ आपल्याकडे सर्रास होतो. यूजीसीचे २०१८ चे नियम वाङ्मयचौर्याचे आहेत. त्यातले १० टक्के हे इतरांच्या मजकुराशी असलेल्या साम्याचे आहेत. १० पर्यंत शिक्षा नाही, त्यापुढे ४० पर्यंत एक पायरी, ६० पर्यंत दुसरी, त्यावर तिसरी. ते नियम आले तेव्हा चॅटजीपीटी नव्हतंच. एआयचा टक्का हा वेगळ्या यंत्राचा वेगळा आकडा आहे, त्याला ही मर्यादा लावता येत नाही. साम्याचा अहवाल तुम्ही उघडून तपासू शकता, कारण तो कोणत्या स्रोताशी काय जुळलं ते शेजारी दाखवतो. एआयच्या आकड्याला असा स्रोत दाखवता येत नाही.

मी त्याला सांगितलं, सायबरवाल्याला प्रबंध परत देऊ नकोस, आणि गाइडना ईमेलवर दोनच प्रश्न विचार: आपलं विद्यापीठ एआयची तपासणी करतं का, आणि करत असेल तर आकडा आल्यावर पुढची पद्धत काय? त्याने विचारले. गाइडनी चार दिवसांनी उत्तर दिलं, की ग्रंथालय फक्त साम्याचा अहवाल काढतं, एआयबद्दल विभागाचा लेखी नियम अजून नाही, आणि प्रत्येक प्रकरणाचे खर्डे तारखेसह आपल्याकडे जमा करून ठेव. तो आता प्रकरण तीनचे खर्डे शोधतो आहे. त्यातले दोन जुन्या लॅपटॉपमध्ये आहेत आणि एक गाइडनी पेनाने दुरुस्त केलेला, तो घरी कपाटात सापडला.